फुलपुडीची मासिक योजना: दर, खाडे आणि मध्येच बंद करणाऱ्यांचे पैसे

शेवंती_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. मार्चपासून कर्वेनगरमध्ये रोजच्या पूजेच्या फुलपुडीचं काम सुरू केलंय. चार सोसायट्यांत मिळून ४२ घरं आहेत. पुडीत झेंडू किंवा शेवंती, थोडी तगर, एक गुलाब, तुळस आणि दूर्वा. मंगळवारी आणि संकष्टीला जास्वंद, सोमवारी बेल. सकाळी साडेसहाच्या आत दाराच्या कडीला अडकवलेली असते.

दर ठेवला रोजचे १२ रुपये, म्हणजे महिन्याचे ३६०. पैसे महिन्याच्या सुरुवातीला. कोणी गावाला गेलं तर तेवढ्या दिवसांचे पूर्ण पैसे परत, आणि योजना कधीही बंद करा, असं मी स्वतःच सांगून बसले. एप्रिलमध्ये थोडे पैसे उरले. मे महिन्यात घरातून पैसे घालावे लागले. ग्राहक एकही कमी झाला नाही, फुलंही फार महाग नव्हती, मग पैसे गेले कुठे ते समजत नाहीये. दर वाढवू की खाड्याचा नियम बदलू? दोन्ही एकदम केलं तर लोक सोडून जातील अशी भीती वाटते.

बाणेरहून
ताई, बाणेरला पाठवाल का? आम्हाला फक्त गुरुवारी पिवळी फुलं आणि एक छोटा हार लागतो. महिन्याचे किती?

शेवंती_कर्वेनगर
बाणेर खूप लांब पडतं हो, एका घरासाठी जमणार नाही. जवळपासची दहा-बारा घरं मिळाली तरी तिकडे सकाळी फिरणारा माणूस वेगळा शोधावा लागेल.

गुलटेकडी_पहाट
सिंहगड रस्त्याला नऊ वर्षं हेच काम करतोय, सध्या दोनशेच्या वर घरं आहेत. तुमचे आकडे टाका. एका पुडीतली फुलं साधारण किती रुपयांची, पोरगा महिन्याला काय घेतो, मार्केट यार्डात कोण जातं, आणि मेमध्ये एकूण खाडे किती झाले. त्यातले आदल्या दिवशी कळवलेले किती आणि सकाळी कळवलेले किती, तेही वेगळं सांगा. उत्तर तिथेच मिळेल असं वाटतंय.

शेवंती_कर्वेनगर
वहीत पाहून लिहितेय. फुलं सरासरी ५ रुपयांची, कागद आणि दोरा ५० पैसे. पोरगा पुड्या वाटायचे महिन्याला ६००० घेतो. मार्केट यार्डात पहाटे मी आणि मिस्टर स्कूटरवर जातो, पेट्रोल रोजचं ५० धरा. पुड्या घरीच बांधतो, त्याचे पैसे धरलेले नाहीत.

मेमध्ये खाडे १६०. सुट्ट्या, लग्नं, कोकण, माहेर. त्यातले ११० आधी नीट कळवलेले होते, बहुतेक सलग आठ-दहा दिवसांचे. उरलेले ५० म्हणजे सकाळी सहाला मेसेज, 'आज पुडी नको, आम्ही निघालोय.' तोवर पुडी बांधून पिशवीत गेलेली असते.

गुलटेकडी_पहाट
आता बघा. सगळी घरं पूर्ण महिना चालू राहिली तर तुमच्याकडे १५,१२० जमा होतात. फुलं आणि कागद-दोरा मिळून ६,९३०, पोरगा ६,०००, पेट्रोल १,५००. खर्च १४,४३०. उरले ६९०. म्हणजे एकाही घराने खाडा केला नाही तरी दोघांच्या महिनाभराच्या पहाटेचे ६९० रुपये. दर मुळातच कमी आहे, मेने ते फक्त उघड केलं.

आता खाडे. प्रत्येक खाड्याला तुम्ही १२ रुपये परत दिलेत, पण तुमचे वाचले फक्त साडेपाच. पोरगा त्या मजल्यावर शेजारच्या दारासाठी चढतोच, त्याचा पगार कमी होत नाही. स्कूटरही मार्केटला जाते. आणि सकाळी कळवलेल्या ५० मध्ये साडेपाचही वाचले नाहीत, फुलं घेऊन झाली होती. १६० खाड्यांचे १,९२० परत गेले, वाचले ११० पुड्यांचे ६०५. खाडे नसते तर जे ६९० उरले असते ते उणे ६२५ झाले.

आणखी एक. मे ३१ दिवसांचा होता. तुम्ही पैसे ३० दिवसांचे घेतलेत, पुड्या ३१ दिवस दिल्यात. तिथे पेट्रोल धरून अजून २८१ गेले.

शेवंती_कर्वेनगर
एकतिसावा दिवस माझ्या डोक्यातच आला नव्हता. बाकीचं वाचून थोडं वाईट वाटलं, पण आता दिसतंय.

हिशेबनीस
सोपं आहे, खाड्याचे पैसे देऊच नका. मासिक योजना म्हणजे मासिक योजना. जिमवाले परत देतात का? आणि सगळ्यांना यूपीआय ऑटोपे लावून टाका. एकदा परवानगी दिली की पैसे आपोआप कटतात, ग्राहकाला मध्येच बंद करता येत नाही. वसुलीची कटकटच संपते.

निवांत_दुपार
ऑटोपे ग्राहकाला बंद करता येत नाही हे चुकीचं आहे. मी पेमेंटच्या क्षेत्रात आहे. ज्या ॲपमधून परवानगी दिली त्याच ॲपमध्ये ग्राहक ती कधीही रद्द करू शकतो, विक्रेत्याला विचारावंही लागत नाही. शिवाय पैसे कटण्याच्या २४ तास आधी त्याला सूचना जाते. १५,००० पर्यंतच्या रकमेला दर वेळी पिन लागत नाही, एवढं मात्र तुमचं खरं.

एक उपयोगी गोष्ट अशी की परवानगी 'जास्तीत जास्त अमुक रकमेपर्यंत' अशी घेता येते. ५५० ची घेतली तर खाडे वजा होऊन एखाद्या महिन्याला ४०० च कटू शकतात. पण त्यासाठी पेमेंट गेटवेकडे नोंदणी, त्यांचं शुल्क, कागदपत्रं. ४२ घरांसाठी मी तरी करणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर क्यूआर टाका आणि एक ते पाच तारखेत पैसे घ्या.

सदाशिवपेठी
मी ग्राहकाच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे दुधाचा आणि पेपरचा खाडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारून ठेवतात, महिन्याअखेर तेवढे पैसे वजा होतात. माझ्या आजोबांपासून हे चालू आहे. 'खाड्याचे पैसे देणार नाही' असं म्हणालात तर मी तरी योजना घेणार नाही, कोपऱ्यावरून फुलं आणीन.

दोन वर्षांपूर्वी एका ॲपवरून फुलं घेत होतो. पैसे आधी त्यांच्या वॉलेटमध्ये भरायचे. बंद करायला गेलो तर बटण सापडेना, फोन केला की 'अजून दोनशे रुपये शिल्लक आहेत, ते संपवा.' ते दोनशे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. त्यामुळे आगाऊ पैसे म्हटलं की मी आता दहादा विचार करतो.

हिशेबनीस
मग ग्राहक कायद्याने खाड्याचे पूर्ण पैसे परत द्यावेच लागत असतील ना? २०२३ मध्ये केंद्र सरकारने काहीतरी नियम आणले होते.

निवांत_दुपार
ते नियम आहेत, पण ते खाड्याबद्दल नाहीत. त्यात 'सबस्क्रिप्शनचा सापळा' हा प्रकार आहे, म्हणजे योजना सुरू करणं सोपं आणि बंद करणं मुद्दाम अवघड, बंद करायचा रस्ता लपवलेला. सदाशिवपेठींनी सांगितलं तो जवळपास तसाच प्रकार. एका दिवसाच्या खाड्याचे किती वजा करायचे हे तुम्ही आणि ग्राहक ठरवता. फक्त पैसे घ्यायच्या आधी स्पष्ट सांगितलेलं हवं.

गुलटेकडी_पहाट
सदाशिवपेठी, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, पण दूध आणि फूल यात फरक आहे. तुम्ही दूध नको म्हणालात तर ती पिशवी दूधवाल्याच्या हातून दुसऱ्या दारात जाते. माझी पुडी पहाटे चारला तुमच्या नावाने घेतलेली असते. त्या दिवशी ती कोणी घेतली नाही तर दुपारपर्यंत तगर पिवळी पडते, गुलाबाच्या पाकळ्या गळतात. उद्या मी ती दुसऱ्याच्या देवाला पाठवू शकत नाही.

म्हणून मी पैशाचे मनात दोन भाग करतो. एक भाग फुलाचा, एक भाग दारापर्यंत पोहोचवण्याचा. खाडा झाला की फुलाचा भाग ग्राहकाचा, पोहोचवण्याचा माझा. शेवंतीताई, तुम्ही १५ रुपये दर धरा, महिन्याला ४५०, महिना २८ चा असो की ३१ चा. त्यातले ७ रुपये फुलाचे समजा. माझे नियम असे चालतात: सलग चार दिवस किंवा जास्त बाहेर असाल आणि आदल्या संध्याकाळी सातपर्यंत कळवलंत, तर प्रत्येक दिवसाचे ७ रुपये पुढच्या महिन्याच्या पैशातून कमी. चारपेक्षा कमी दिवसांचा खाडा धरत नाही. सकाळी कळवलेला तर नाहीच.

तुमचाच मे या नियमाने मांडतो. ४२ घरांचे १८,९००. पूर्ण महिन्याचा खर्च तोच १४,४३०, उरले ४,४७०. ते ११० खाडे म्हणजे ७७० वजा, पण त्यांची फुलं घ्यावी न लागल्याने ६०५ वाचले. तोटा फक्त १६५ चा. एकतिसाव्या दिवसाचे २८१ काढले तरी चार हजारांच्या वर राहतात. दर वाढला म्हणून आठ घरं गेली असं समजा. ३४ घरांचे १५,३००, खर्च १३,११०, उरले २,१९०. म्हणजे आठ घरं जाऊनही तुम्ही आत्तापेक्षा बऱ्या राहता.

शेवंती_कर्वेनगर
आठ घरं गेली तरी जास्त उरतील हे मला स्वतःला कधीच सुचलं नसतं. सातची वेळ का पण? आम्ही मार्केटला चारला जातो, रात्री दहापर्यंत कळवलं तरी चालेल की.

गुलटेकडी_पहाट
जास्वंदीमुळे. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. उमललेलं आणलं तर दारापर्यंत जाईतो मान टाकतं. म्हणून आदल्या संध्याकाळी कळ्या घ्यायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, त्या सकाळी देवापुढे उमलतात. मंगळवारचा आणि संकष्टीचा आकडा मला सोमवारी संध्याकाळी किंवा आदल्या दिवशीच लागतो. बाकी दिवशी दहापर्यंत चालेल, पण दोन वेळा सांगितल्या की लोक दोन्ही विसरतात. एकच वेळ ठेवा.

खमंग_सातारारोड
मी घरून चिवडा, शंकरपाळे, कडबोळी यांचा महिन्याचा डबा देते, २५ घरं आहेत. माझ्याकडे खाड्याचा प्रश्नच येत नाही, कारण डबा महिन्यातून दोनदा जातो आणि पदार्थ तीन आठवडे टिकतात. कोणी गावाला असेल तर शेजारी ठेवतात. माझं नुकसान होतं ते 'या वेळी चिवडा नको, चकली द्या' यात. तळण आधीच झालेलं असतं. म्हणून आता महिन्याच्या २० तारखेला पुढच्या महिन्याचे पदार्थ ठरवते आणि नंतर बदलत नाही. शेवंतीताई, तुम्हीही पुडीच्या जोडीला खाऊचा डबा का देत नाही? फक्त खाण्याच्या वस्तूंना अन्नसुरक्षेची नोंदणी करून पाकिटावर क्रमांक टाकावा लागतो, फुलांना ती भानगड नाही.

शेवंती_कर्वेनगर
कल्पना चांगली आहे ताई, पण आधी हे एक नीट बसू दे.

सदाशिवपेठी
पहाटकाका, सलग चार दिवसांचं ठीक. पण मी आदल्या दिवशी दुपारी सांगितलं की उद्या एक दिवस नको, तर फूल तुम्ही घेतलेलंच नसतं. मग ते ७ रुपये तुमच्याकडे का राहावेत?

गुलटेकडी_पहाट
हिशेबाने पाहिलं तर तुमचंच बरोबर आहे, ते ७ तुमचे. अडचण पैशाची नाही, लिहिण्याची आहे. दोनशे घरांतून रोज दहा-बारा सुटे खाडे आले की वही, पोराची यादी आणि बांधलेल्या पुड्या यांचा मेळ बसत नाही. मग ज्याने खाडा सांगितला त्याच्या दारात पुडी जाते आणि शेजारचं दार कोरडं राहतं. कोरडं राहिलेलं दार एका खाड्यापेक्षा फार महाग पडतं. ताईंकडे ४२ च घरं आहेत, त्यांना सुटे खाडे जमतीलही.

निवांत_दुपार
महिन्यातून दोन सुटे खाडे मान्य, त्यापुढे नाही, असा मधला मार्ग?

गुलटेकडी_पहाट
मी करून पाहिलं होतं. ज्यांना गरज नव्हती तेही महिन्याचे दोन खाडे हक्काने घ्यायला लागले. पण कर्वेनगरची माणसं वेगळी असतील, मी नाही म्हणणार नाही.

निवांत_दुपार
एक वेगळं विचारते. माझ्या सासऱ्यांचं जानेवारीत निधन झालं. घरात सुतक, तेरा दिवस पूजा बंद. फुलवाल्याला कळवायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही, रोज सकाळी कडीला पुडी, आणि ती बघून सासूबाईंना रडू यायचं. महिनाअखेर त्याने पूर्ण पैसे मागितले. दिले आम्ही, पण नंतर त्याच्याकडून घेणं बंद केलं. अशा वेळी नियम काय ठेवता?

गुलटेकडी_पहाट
वाचून वाईट वाटलं. सुतकाला माझा कुठलाच नियम नाही. ज्या क्षणी कळेल त्या क्षणापासून पुडी बंद, आणि मागचे दिवसही वजा, पूर्ण दराने. पोराला सांगून ठेवलंय की सलग दोन दिवस कालची पुडी कडीला तशीच दिसली तर पुढची लावायची नाही आणि मला फोन करायचा. घरी कोणी नसतं, किंवा आजारपण असतं, किंवा हे. परत कधी सुरू करायचं ते मी विचारत नाही, ते घर स्वतः कळवतं.

शेवंती_कर्वेनगर
कालची पुडी तशीच दिसली तर थांबायचं, हे मी आजच पोराला सांगते. नेहमी न कळवणाऱ्यांचे खाडेही त्यातून लक्षात येतील.

आता सणांचं सांगा. गणपती, नवरात्र आणि दसऱ्याला झेंडू कुठल्या कुठे जातो. तेव्हा ४५० मध्ये कसं बसवायचं?

हिशेबनीस
त्या महिन्यांत दर दुप्पट करायचा.

गुलटेकडी_पहाट
मासिक योजनेत मध्येच दर हलवला की माणूस पुढच्या महिन्यापासून विचारायला लागतो, आता किती? दर वर्षभर एकच ठेवा, हलवायची ती पुडी. म्हणून पुडीचं वजन कधी लिहून देऊ नका. 'रंगीत फुलं, पांढरी फुलं, तुळस, दूर्वा' एवढंच सांगा. पितृपक्षात मागणी कमी असते, भाव पडतात, तेव्हा मूठ भरून द्या, दोन गुलाब घाला. लोक ते लक्षात ठेवतात. दसऱ्याच्या आठवड्यात झेंडू चार आणि तगर, कण्हेर, पानं जास्त. हार, तोरण, आपट्याची पानं, लक्ष्मीपूजनाची शेवंती, हे सगळं वेगळ्या ऑर्डरने आणि त्या दिवसाच्या भावाने, पैसे आधी.

श्रावणाचाही विचार करा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, म्हणजे जवळजवळ दोन महिने श्रावण. रोज बेल मागणारी घरं वाढली आणि मी दर आधीच ठरवून बसलो होतो. तेव्हापासून रोजचा बेल हा वेगळा वाढीव दर आहे, सोमवारचा पुडीतच.

पावसाळ्यात एक सांभाळा. भिजलेला झेंडू वजनात जास्त भरतो, तुम्ही पाण्याचे पैसे देता. घेताना दोन-तीन फुलं उलटी करून देठाजवळ दाबून बघा. तिथे काळपट आणि चिकट लागलं की ते ढीग सोडा, वरून कितीही टवटवीत दिसू दे. घरी आणल्यावर कागदावर पसरून पंखा लावा, ओलं फूल पुडीत बांधलं की सकाळपर्यंत आंबूस वास येतो. तुमच्या १५ रुपयांतून पावसाळ्याचे तीन महिने पुडीमागे रुपयाभर वाया जाईल असं धरूनच चाला.

खमंग_सातारारोड
पुड्या कशात देता? कागद भिजत नाही का?

गुलटेकडी_पहाट
२०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर पातळ पिशव्या सोडल्या. आता ग्राहकच कडीला छोटी कापडी पिशवी लावतो, आम्ही कागदाची पुडी तिच्यात टाकतो. पिशवी काढून घेतलेली दिसली तर त्या घरी त्या दिवशी पुडी नको, हीच खूण. पोराला वाचावं लागत नाही, मेसेज बघावा लागत नाही. मात्र काही घरं पिशवी धुवायला नेतात आणि लावायला विसरतात, तेव्हा भांडणं होतात. त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

आणि नवीन घर घेताना ताई, नवीन सोसायटी शोधू नका. आहेत त्याच जिन्यात दारं वाढवा. ४२ घरांत पोरग्याचा खर्च पुडीमागे पावणेपाच रुपये पडतो. त्याच चार सोसायट्यांत ६० घरं झाली तर सव्वातीन.

शेवंती_कर्वेनगर
सगळं वाचून काल रात्री चारही ग्रुपवर हा मेसेज टाकला, इथेही देते.

'१ जुलैपासून फुलपुडीचे महिन्याचे ४५० रुपये. पैसे ५ तारखेपर्यंत. सलग चार दिवस किंवा जास्त बाहेर असाल तर आदल्या संध्याकाळी सातपर्यंत कळवा, दिवसाला ७ रुपये पुढच्या महिन्यात कमी होतील. महिन्यातून एक सुटा खाडा, तोही आदल्या दिवशी कळवलेला, मान्य. योजना कधीही बंद करता येईल, दोन दिवस आधी सांगा, उरलेल्या दिवसांचे १५ रुपयांनी पैसे त्याच दिवशी परत. घरात दुःखाचा प्रसंग असेल तर कुठलाही नियम नाही, फक्त एक निरोप द्या. हार-तोरणं वेगळी. ज्यांना नवा दर नको त्यांनी ३० जूनपर्यंत सांगावं.'

सदाशिवपेठी
बंद करणाऱ्याला पूर्ण १५ ने परत देताय आणि गावाला जाणाऱ्याला ७ ने. मग कोणी महिनाभर अमेरिकेला जाताना योजना बंद करेल आणि आल्यावर पुन्हा सुरू करेल.

गुलटेकडी_पहाट
करतील थोडे. करू द्या. जाणाऱ्याचे पैसे अडकवले की तो जिन्यातल्या दहा घरांना सांगतो. पण परत येणाऱ्याला 'महिन्याच्या मध्ये सुरू होत नाही, पुढच्या एक तारखेपासून' असं सांगा, तेवढं पुरतं.

शेवंती_कर्वेनगर
तेही वाक्य घालते. सकाळपासून ४२ पैकी २९ घरांनी 'चालेल' म्हटलंय. चार जण बंद करतायत, त्यातल्या एका आजींनी फोन करून विचारलं की त्यांना आठवड्यातून फक्त तीन दिवस पुडी मिळेल का, आणि तिचा काय दर. त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. त्यांना काय सांगू? बाकी नऊ घरांची वाट बघतेय.